सायक्लॉइडची घसरगुंडी: प्रकल्पाच्या नोंदी

3 जानेवारी

आजपासून वही सुरू. पुतणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला कॉलेजच्या प्रदर्शनात काहीतरी चालतं-फिरतं ठेवायचंय आणि मला गेली कित्येक वर्षं सायक्लॉइडचा उतार लाकडात करून बघायचा होता. दोघांचं जमलं.

चाक सपाट जमिनीवरून न घसरता गडगडत गेलं, तर त्याच्या कडेवरचा एक ठिपका हवेत जी कमान काढतो ती सायक्लॉइड. ही कमान उलटी केली की दरी तयार होते. त्या दरीत गोळी कुठल्याही उंचीवरून सोडा, तळाला पोचायला तिला तेवढाच वेळ लागतो. ख्रिस्तियान हायगेन्सने 1659 मध्ये हे शोधलं आणि 1673 मध्ये लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथात छापलं. आम्हाला अर्धीच दरी करायची आहे. शेजारीशेजारी दोन गल्ल्या, दोन्हीत एकेक पोलादी गोळी, एक उंचावर आणि एक खाली. दोन्ही एकदम सुटल्या की तळाच्या लाकडी ठोकळ्यावर एकच ‘टक’ ऐकू यायला हवा.

समीकरणं अशी. छताच्या खालच्या बाजूने चाक गडगडतंय असं धरायचं, y खाली मोजायचा:

x = a(θ − sin θ), y = a(1 − cos θ)

θ म्हणजे चाक किती फिरलं तो कोन, तोच आपला प्रचल. a ही चाकाची त्रिज्या, ती 20 सेंमी ठरवली. म्हणजे θ = 180° ला दरीचा तळ: आडवं अंतर 62.8 सेंमी, खोली 40 सेंमी. टेबलावर मावेल आणि मागच्या रांगेतून दिसेलही.

इथे y हे थेट x च्या रूपात लिहायचा प्रयत्न करू नये. पहिल्या समीकरणातून θ सोडवता येत नाही, कारण θ आणि sin θ एकाच ठिकाणी अडकलेत. म्हणून चढ, स्पर्शिका, वाक, सगळं θ मधूनच काढायचं. प्रकल्पाचं गणित एवढंच आहे.

5 जानेवारी

चढ काढला. θ थोडा वाढला की x किती सरकतो आणि y किती उतरतो, त्यांचं गुणोत्तर म्हणजे चढ:

dy/dx = (dy/dθ) ÷ (dx/dθ) = a sin θ ÷ a(1 − cos θ) = cot(θ/2)

a उडून गेला, आणि ते बरोबरच आहे. दरी लहान करा की मोठी, ठरावीक θ ला उताराचा कोन तोच राहणार. cot(θ/2) चा अर्थ असा की तिथली स्पर्शिका आडव्याशी 90° − θ/2 एवढा कोन करते. θ = 90° ला 45°, 120° ला 30°, 150° ला 15°, तळाला शून्य. हे कोन मला पुढे लागणार आहेत, कारण गोळी धरून ठेवणारं चुंबक स्पर्शिकेच्या दिशेतच बसवायचंय. तिरकं बसलं तर सुटताना गोळीला बाजूला ओढ बसेल.

पुतणीने विचारलं, “काका, स्पर्शिका कागदावर काढायची कशी? कोनमापक एवढ्या मोठ्या कागदावर चुकतो.” त्याला एक देखणा मार्ग आहे. ज्या क्षणी ठिपका वक्रावर आहे, त्या क्षणी चाक छताला (aθ, 0) इथे टेकलेलं असतं आणि चाकाचा सगळ्यात खालचा बिंदू (aθ, 2a) इथे असतो. ठिपक्यापासून त्या खालच्या बिंदूपर्यंत रेघ मारली की तीच स्पर्शिका. आणि ठिपक्यापासून टेकण्याच्या जागेपर्यंत मारलेली रेघ म्हणजे स्पर्शिकेचा लंब.

θ = 90° वर पडताळलं. ठिपका (11.42, 20) इथे, चढ 1, म्हणून स्पर्शिका y − 20 = x − 11.42. चाकाचा खालचा बिंदू (31.42, 40). समीकरणात घातला: डावीकडे 20, उजवीकडे 20. बसला. मग ब्राऊन पेपरवर 40 सेंमी खोलीला एक आडवी रेघ मारली, तिच्यावर प्रत्येक θ चा aθ मोजून खूण केली आणि फूटपट्टीने स्पर्शिका ओढत गेलो. दहा-बारा रेघा झाल्यावर वक्र न काढताच दिसायला लागला, रेघांच्या कडेने आपोआप उमटल्यासारखा. पुतणी बराच वेळ कागदाकडे बघत बसली होती.

एक गोष्ट लिहून ठेवतो. θ = 0 ला सूत्रात 0 ÷ 0 येतं. dx/dθ आणि dy/dθ दोन्ही तिथे शून्य आहेत, म्हणजे ठिपका त्या क्षणी थांबलेलाच असतो. म्हणून तिथे चढ नाही असं लगेच म्हणायचं नाही. cot(θ/2) शून्याजवळ कसा वागतो ते बघायचं. तो वाढतच जातो, म्हणजे वक्र तिथे उभा होतो आणि टोक येतं. आडव्या स्पर्शिकेसाठी dy/dθ शून्य आणि dx/dθ शून्य नाही, असं लागतं. तळाला, 180° ला, तसं आहे.

9 जानेवारी

आज नुकसान झालं.

गोळी गुळगुळीत धावावी म्हणून प्लायच्या कडेवर 1 मिमी जाडीच्या सनमायकाची पट्टी वाकवून बसवायची ठरली होती. पट्टी किती वळवावी लागणार हे आधी कळायला हवं, म्हणून पुतणीने प्रत्येक θ ला वक्रता त्रिज्या ρ, म्हणजे तिथे वक्राला चपखल बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या, काढून तक्ता केला. त्यासाठी दुसरा अवकलज लागतो:

ρ = (1 + y′²)^(3/2) ÷ |y″|

तक्त्यात वरच्या टोकाजवळ, θ = 20° ला, ρ जवळजवळ 70 आला होता. म्हणजे तिथे वक्र अगदी पसरट, पट्टी आरामात वळेल असं वाटलं. टाकाऊ प्लायवर कागद चिकटवला, खुणांवर खिळे ठोकले आणि पट्टी तळाकडून वर दाबत नेली. 60° पर्यंत छान गेली, 40° च्या आसपास जोर लागायला लागला. मिस्त्री म्हणाले, “सर, एक एमएमची शीट एवढी आवळून वळत नाही. ऐका माझं.” तक्त्यावर विश्वास ठेवून मी आणखी रेटलं, आणि 20° च्या खिळ्याजवळ कडकन आवाज होऊन पट्टी आडवी तुटली. तुटलेली कड इतकी धारदार की मिस्त्रींच्या अंगठ्याला लागली. मलमपट्टी झाल्यावर ते काही बोलले नाहीत, पण ऐकायला हवं होतं.

हाताला वक्र आवळ कळत होता आणि कागद पसरट सांगत होता. म्हणजे चूक कागदावर आहे.

10 जानेवारी

चूक सापडली. पहिला अवकलज काढताना वरचा भागिले खालचा केलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळीही तसंच केलं गेलं: y चा θ सापेक्ष दुसरा अवकलज भागिले x चा θ सापेक्ष दुसरा अवकलज.

a cos θ ÷ a sin θ = cot θ ← हे चूक

का चूक, हे नीट लिहितो, कारण ही चूक फार स्वाभाविक आहे आणि उत्तर वरवर बघून पकडता येत नाही. दुसरा अवकलज म्हणजे चढाचा बदल, आणि तोही x च्या मानाने. चढ हा आता स्वतःच θ वर अवलंबून असलेली एक राशी आहे. पहिल्या वेळी y ला जे केलं, तेच आता चढाला करायचं. आधी चढाचा θ सापेक्ष बदल काढायचा, मग त्याला dx/dθ ने भागायचं. dx/dθ ने, x च्या दुसऱ्या अवकलजाने नाही.

d²y/dx² = [ d/dθ (dy/dx) ] ÷ (dx/dθ)

आपल्या वक्रासाठी चढ cot(θ/2), त्याचा θ सापेक्ष अवकलज −½ ÷ sin²(θ/2). आणि dx/dθ = a(1 − cos θ) = 2a sin²(θ/2). भागाकार:

d²y/dx² = −1 ÷ (4a sin⁴(θ/2))

चूक ओळखायच्या तीन खुणा होत्या, आणि त्यातली कुठलीही एक पाहिली असती तर पट्टी वाचली असती.

पहिली एककाची. चढाला एकक नसतं, x ला सेंमी असतं, म्हणून दुसऱ्या अवकलजाचं एकक ‘दर सेंमी’ असायलाच हवं. उत्तरात कुठेतरी खाली a दिसला पाहिजे. cot θ मध्ये a नाहीच. वीस सेंमीच्या चाकाला आणि दोन मीटरच्या चाकाला एकच वाक, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसरी चिन्हाची. cot θ हा 90° च्या आधी धन, नंतर ऋण. म्हणजे वक्र मध्येच एकदा उलटा वाकतो. पण कागदावरची दरी वरपासून खालपर्यंत एकाच दिशेने वाकलेली डोळ्यांना दिसते. खरं उत्तर सगळीकडे ऋण आहे. इथे y खाली मोजलाय, म्हणून ऋण चिन्हाचा अर्थ असा की पुढे जावं तसा उतार कमी होत जातो. y वर मोजला असता तर हेच उत्तर धन आलं असतं. दरी तीच, फक्त मोजायची दिशा बदलली. म्हणून ऋण दिसलं की वक्र कमानीसारखा, असं पाठ केलेलं वाक्य इथे वापरू नये. अक्ष कुठे बघतोय ते आधी बघावं.

तिसरी हाताने करायची पडताळणी, आणि तीच मला सगळ्यात भरवशाची वाटते. θ = 89° आणि 91° ला चढ काढा: cot 44.5° = 1.0176 आणि cot 45.5° = 0.9827. फरक −0.0349. या दोन ठिकाणांमध्ये x किती सरकला? 0.698 सेंमी. भागाकार −0.050 दर सेंमी. खरं सूत्र 90° ला −1 ÷ 20, म्हणजे −0.05 देतं. चुकीचं सूत्र तिथे शून्य देतं, म्हणजे तिथे वक्र सरळ आहे असं सांगतं. पुतणीने ही आकडेमोड स्वतः केली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आता हे तिच्या कायम लक्षात राहणार.

मग वक्रता त्रिज्या पुन्हा काढली. 1 + cot²(θ/2) म्हणजे 1 ÷ sin²(θ/2), त्याचा दीड घात 1 ÷ sin³(θ/2). y″ ने भागलं की सगळं विरघळून एवढंच उरतं:

ρ = 4a sin(θ/2)

20° ला 13.9 सेंमी, 60° ला 40 सेंमी, तळाला 80 सेंमी. जुना तक्ता बरोबर उलटा होता. वर पसरट आणि तळाला टोकदार. 150° ला त्यात ρ अर्ध्या-पाऊण सेंमीचा होता आणि खरा 77 सेंमी आहे. पट्टी 14 सेंमीच्या वळणावर तुटली, यात पट्टीचा काही दोष नाही.

निर्णय: मार्ग θ = 60° पासूनच सुरू करायचा. तिथे 40 सेंमीचं वळण आहे आणि पट्टी तेवढी सहज घेते हे कालच दिसलं.

14 जानेवारी

संक्रांत. सकाळी मिस्त्रींकडे तिळगूळ देऊन आलो, अंगठा बरा आहे.

एक बारकावा उरला होता. वेळ सारखा राहण्यासाठी सायक्लॉइडवरून गोळीचं केंद्र जायला हवं, गोळी जिथे टेकते तो बिंदू नाही. गोळी एक इंच व्यासाची, म्हणजे त्रिज्या 1.27 सेंमी. वर सनमायकाची 0.1 सेंमी जाडी. म्हणून प्लायची कड सायक्लॉइडपासून लंबाच्या दिशेत 1.37 सेंमी बाहेर हवी. नुसतं सरळ खाली 1.37 सरकवून चालत नाही. तळाला चालेल, पण 60° च्या चढावर खाली आणि लंबात बराच फरक पडतो.

स्पर्शिकेची दिशा माहीत आहे, (sin(θ/2), cos(θ/2)), तेव्हा लंबाची दिशा (−cos(θ/2), sin(θ/2)). ही अंतराची राशी c म्हटली तर प्लायची कड:

X = a(θ − sin θ) − c cos(θ/2)
Y = a(1 − cos θ) + c sin(θ/2)

पुन्हा तोच प्रचल, पुन्हा तीच कृती. X′ = sin(θ/2) · (2a sin(θ/2) + c/2) आणि Y′ = cos(θ/2) · (2a sin(θ/2) + c/2). भागाकारात कंस उडतो आणि चढ पुन्हा cot(θ/2)! दोन्ही वक्र समांतर आहेत, तेव्हा असंच यायला हवं होतं, तरीही कागदावर उतरताना बरं वाटलं. दुसरा अवकलज काढला तर वक्रता त्रिज्या 4a sin(θ/2) + c येते, म्हणजे सगळीकडे बरोबर c ने जास्त.

θ = 0 ला मात्र दोघांत फरक आहे. सायक्लॉइडला तिथे 0 ÷ 0 होतं. या बाहेरच्या वक्राला X′ = 0 आहे पण Y′ = c/2, शून्य नाही. म्हणजे इथे टोक नाही. वक्र सुरळीतपणे उभा होतो आणि त्याची त्रिज्या तिथे c असते. खाली शून्य आलं म्हणून दोन्ही ठिकाणी घाबरायचं कारण नाही. वर काय आहे ते बघून ठरतं.

आता प्रामाणिक हिशेब. हा c न घेता कडच सायक्लॉइड कापली असती तर किती बिघडलं असतं? या मापाला गणित करून बघितलं. वेगवेगळ्या उंचीवरून येणाऱ्या गोळ्यांच्या वेळेत हजारात एखादा भाग, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास फरक पडला असता. आपल्याला तो ऐकूही आला नसता. तरी ठेवला, कारण बिंदू संगणकाकडूनच काढायचे होते आणि त्यात दोन पदं वाढवणं एवढंच काम होतं. गोळी मोठी किंवा दरी लहान असेल तर मात्र हे सोडून चालणार नाही.

```python
from math import pi, sin, cos
a, c = 20.0, 1.27 + 0.1
for d in range(60, 181, 5):
    t = d*pi/180
    X = a*(t - sin(t)) - c*cos(t/2)
    Y = a*(1 - cos(t)) + c*sin(t/2)
    print(d, round(X, 2), round(Y, 2))
```

कोन अंशातून रेडियनमध्ये आणायची ओळ विसरू नये. आतला नुसता θ हाही गणितात आहे, आणि तो रेडियनमध्येच अर्थपूर्ण आहे. छापलेल्यातले काही: 90° ला (10.45, 20.97), 120° ला (23.88, 31.19), 180° ला (62.83, 41.37).

18 जानेवारी

मिस्त्रींनी 12 मिमी प्लायच्या तीन फळ्या एकमेकींवर क्लॅम्पने आवळून एकदमच कापल्या. जिगसॉ रेघेच्या बाहेरून एक मिलिमीटर ठेवून फिरवली आणि मग रेघेपर्यंत पॉलिश पेपरने घासत आले. तिन्ही एकत्र घासल्या म्हणून दोन्ही गल्ल्यांचा आकार एक आहे याची खात्री.

तळाची तपासणी: तळाला स्पर्शिका आडवी आणि त्रिज्या 81.4 सेंमी. म्हणून तळाच्या बिंदूतून लेव्हल बघून आडवी रेघ मारली, तर तिथून 10 सेंमीवर कड रेघेच्या वर 10² ÷ (2 × 81.4), म्हणजे 0.61 सेंमी असायला हवी. मोजली. तिन्ही फळ्यांवर सहा मिलिमीटर आणि वर केसभर. दुसऱ्या अवकलजाची एवढी सरळ तपासणी फूटपट्टीने होते, हे मला फार आवडलं.

सनमायका या वेळी एका दमात बसला. पट्टीची लांबी आधी काढली होती, 70.7 सेंमी. 72 ची कापली आणि वरून सव्वा सेंमी उरला.

23 जानेवारी

उद्यमनगरातून दोन छोटी विद्युतचुंबकं आणली, बेअरिंगच्या गोळ्या आधीच आणल्या होत्या. हाताने दोन गोळ्या एकदम सोडणं होत नाही. माणसाच्या दोन बोटांत सहज वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि आपण त्याहून लहान गोष्ट शोधतोय. म्हणून दोन्ही चुंबकं एकापाठोपाठ एक जोडून एकच बटण.

चुंबकाचे ब्रॅकेट स्पर्शिकेच्या कोनात: 60°, 45°, 30°, 15°. लाकडाच्या पाचरी कापून त्यावर स्क्रूने बसवले. मोबाइल पट्टीवर ठेवून कोन बघितला तर प्रत्येक जागी अर्ध्या अंशाच्या आत आला. इथे एक सोय लक्षात आली. चढ फक्त θ वर अवलंबून असल्याने जागा बरोबर आहे की नाही हेही कोनावरून तपासता येतं. 30° दाखवतोय म्हणजे आपण 120° च्या खुणेवरच आहोत.

तळाचा ठोकळा दरीच्या तळापासून 1.27 सेंमी पुढे ठोकला, म्हणजे गोळी आदळताना तिचं केंद्र बरोबर तळावर असेल.

26 जानेवारी

झेंडावंदन आटोपून दुपारी पहिले मोजमाप. ठोकळ्याजवळ मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि Audacity मध्ये दोन टकांमधलं अंतर मोजलं.

120° आणि 150° ची जोडी: कानाला एकच टक. लाटेतही दोन मिलिसेकंदांच्या आत. आम्ही दोघंही एकदम उभे राहिलो.

60° आणि 150° ची जोडी: कानालाही किंचित फाटलेला टक. वरची गोळी दर वेळी आधी येते, दहा मिलिसेकंदांच्या आसपास. चुंबकं अदलाबदल केली तरी तीच आधी. म्हणजे चुंबकातल्या फरकामुळे नाही.

रात्री विचार केला. वेळ सारखा राहतो तो गोळी न घसरता गडगडते तेव्हा. ठोस गोळी उतारावर घसरल्याशिवाय सुटायची असेल तर उताराचा चढ घर्षण गुणांकाच्या साडेतीनपटीहून कमी हवा. आपला चढ cot(θ/2). 60° च्या खुणेला तो 1.73. त्याला पुरेल एवढं घर्षण सनमायकावर पोलादाला मिळणं कठीण. गोळी सुरुवातीला घसरत असणार, आणि घसरताना घर्षण लागेल तेवढं मिळत नाही म्हणून तिला जास्त वेग येतो. लवकर पोचते ती याच कारणाने.

29 जानेवारी

घर्षण मोजलं. तीन गोळ्या फेविक्विकने एकमेकींना चिकटवल्या म्हणजे त्यांना गडगडता येत नाही, आणि उरलेल्या सनमायकावर ठेवून फळी हळूहळू उचलली. 14° ला सरकल्या. पाच-सहा वेळा केलं, एखादा अंश इकडेतिकडे. tan 14° = 0.25. साडेतीनपट म्हणजे 0.87.

आता हेच चढाच्या सूत्रात उलट घालायचं: cot(θ/2) = 0.87, म्हणून θ/2 = 49°, θ = 98°. म्हणजे 98° च्या वरच्या बाजूला सोडलेली कुठलीही गोळी आधी थोडी घसरणारच. 60° वाली तर नक्कीच, आणि 90° वालीसुद्धा अगदी थोडीशी.

इथे मर्यादा स्पष्ट आहे. गणिताच्या वक्रावर सगळ्या उंची सारख्या, पण आमच्या लाकडाच्या दरीत खालच्या भागातच तो नियम खरा. पुतणीला वाटलं की हे प्रदर्शनात लपवावं लागेल. मला उलट वाटतं. 60° ची खूणही ठेवायची, फाटलेला टक ऐकवायचा, आणि फळीवर 98° ची लाल रेघ मारून तिचं कारण सांगायचं.

2 फेब्रुवारी

शेवटची मोजमापं. 100°, 120°, 150° च्या सगळ्या जोड्या, प्रत्येकी दहा वेळा, मग चुंबकं बदलून पुन्हा दहा. फरक एक-दोन मिलिसेकंदांच्या आत आणि कधी या गोळीचा आधी, कधी त्या गोळीचा.

एकूण वेळही पडताळला. नुसती घसरणारी वस्तू असती तर π√(a/g), म्हणजे 0.45 सेकंद. गडगडणाऱ्या गोळीला त्याच्या √(7/5) पट, 0.53 सेकंद. बटणाच्या आवाजापासून ठोकळ्याच्या आवाजापर्यंत आम्हाला 0.54 मिळाला. चुंबकाला सोडायला लागणारा थोडा वेळ त्यात आहे.

संध्याकाळी पुतणीने लाल रेघ मारली आणि तिच्या बाजूला पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात cot(θ/2) = 0.87 लिहिलं. मिस्त्री बघायला आले होते. त्यांनी स्वतः बटण दाबलं, टक ऐकला, मग वरची गोळी आणखी एक खूण वर नेऊन पुन्हा दाबलं.

“सर, ही वर नेली तरी एकदमच येते की.”

मग तिसऱ्यांदा त्यांनी ती लाल रेघेच्या वर, 60° ला लावली. कान ठोकळ्याजवळ नेला. फाटलेला टक त्यांना ऐकू आला, आणि त्यांनी पट्टीवरून बोट फिरवत विचारलं, इथे सनमायकाऐवजी रबर लावलं तर? गुणांक मोजायला रबराचा तुकडा उद्या आणतो.